मुलीचा फोन लॉक झाला आणि तिला घरी कॉलच करता येईना: फॅमिली लिंकच्या लिमिट नीट कशा लावायच्या

आधी काय झालं ते सांगते, म्हणजे पुढच्या स्टेप्स का लिहितेय ते कळेल. माझी मुलगी आठवीत आहे, तेरा वर्षांची, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात क्लासला जाते. तिच्या अँड्रॉइड फोनवर गुगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या फोनवर पालकांनी मर्यादा घालायचं ॲप, लावलंय आणि मी रोजचे दोन तास असं लिमिट ठेवलेलं होतं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, दुपारी प्रोजेक्टसाठी तिने व्हिडिओ बघितले, मग थोडी गेम खेळली आणि क्लासला जाईपर्यंत दोन तास संपले. फोन लॉक. नेमके त्याच दिवशी लाईट गेले म्हणून सरांनी क्लास पावणेसातलाच सोडला, बाहेर पाऊस, आणि हिला मला कॉल करायचा तर फोन उघडेचना. शेवटी शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकांच्या फोनवरून तिने मला कॉल केला, माझा नंबर पाठ होता म्हणून बरं. लिमिट मीच लावलेलं होतं आणि लावताना ते संपल्यावर तिला नक्की काय करता येणार नाही हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्यानंतर दोन आठवडे मी हे सगळं बसून नीट समजून घेतलं, ते इथे लिहितेय. मुख्य भाग अँड्रॉइड आणि फॅमिली लिंकचा आहे, आयफोनवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय कारण तिथे कॉल अडकतो तो वेगळ्याच कारणाने.

आधी कुठलं कुलूप लागलंय ते ओळखा

आपण सगळे घाईत "पॅरेंटल कंट्रोलने ब्लॉक केलं" असं म्हणून मोकळे होतो, पण कुलपं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची चावी वेगळ्या जागी असते. मुलाच्या फोनवर नक्की काय दिसतंय ते त्याला वाचायला सांगा, नाहीतर स्क्रीनशॉट नाहीतर दुसऱ्या फोनने फोटो.

पूर्ण फोनच उघडत नसेल, पिन टाकायच्या आधीच फोन लॉक झाल्याचं सांगणारी स्क्रीन येत असेल, तर रोजचं लिमिट संपलंय किंवा डाउनटाइम म्हणजे रात्रीची बंद वेळ सुरू झालीय. फॅमिली लिंकमध्ये ही दोन वेगळी सेटिंग आहेत. Daily limit म्हणजे दिवसभरात एकूण किती वेळ, आणि Downtime म्हणजे अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत फोन बंद, मग त्या दिवशी एक मिनिटही वापरला नसला तरी. बरेच जण एक बदलतात आणि दुसरं तसंच राहतं, मग "मी वेळ वाढवला तरी लॉकच आहे" अशी तक्रार येते. हल्ली School time म्हणून तिसरंही आलंय, ते शाळेच्या तासांसाठी, आणि ते कोणी हौसेने चालू करून ठेवलं असेल तर सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुपारी फोन अडकलेला दिसतो.

फोन उघडतोय पण एकच ॲप उघडत नाही, आयकॉन फिका दिसतो किंवा वेळ संपली असं म्हणतं, तर त्या एका ॲपचं लिमिट आहे. इथे एक गंमत आहे, म्हणजे खरं तर डोकेदुखी आहे, की मुलाच्या फोनमध्येच डिजिटल वेलबीइंग नावाचं वेगळं सेटिंग असतं आणि त्यातही ॲप टायमर आणि फोकस मोड असतो. तो मुलाने स्वतः किंवा फोन नवा असताना कोणीतरी लावलेला असू शकतो आणि तो पालकाच्या फॅमिली लिंकमध्ये शोधून सापडणार नाही. म्हणून फॅमिली लिंकमध्ये त्या ॲपला काहीच लिमिट दिसत नसेल तर मुलाच्या फोनची सेटिंग्ज उघडून डिजिटल वेलबीइंग बघा.

आणि ॲप प्ले स्टोअरमध्ये सापडतच नाही किंवा परवानगी मागतंय, तर तो वेळेचा प्रश्न नाही, तो परवानगी आणि वयाच्या रेटिंगचा प्रश्न आहे, त्यावर खाली लिहिलंय.

एक चौथी शक्यता आधी तपासून टाका, कारण ती सगळ्यात साधी आहे आणि सगळ्यात शेवटी लक्षात येते. मुलाच्या सिमचा रिचार्ज संपलाय का? मुलांचे नंबर आपण स्वस्तातल्या पॅकवर ठेवतो आणि व्हॅलिडिटी संपलेली कळत नाही. डायलर उघडतोय, नंबर लागतोय, आणि कंपनीची बाई बोलतेय, तर फॅमिली लिंकला हात लावायची गरजच नाही, रिचार्ज करा.

मूल बाहेर आहे आणि फोन आत्ता लॉक आहे

आता हे नीट लक्षात ठेवा, कारण मला हे माहीत असतं तर त्या दिवशीचा सगळा गोंधळ टळला असता. फॅमिली लिंकच्या वेळेने लॉक झालेल्या फोनवर मुलाला आलेला कॉल उचलता येतो. म्हणजे त्याला आपल्याला कॉल लावता येत नसला तरी आपण त्याला लावू शकतो. लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी बटणावरून 112 सारखे नंबरही लागतात. पण नोटिफिकेशन दिसत नाहीत, म्हणून "मी मेसेज टाकलाय, बघेल ती" याचा काही उपयोग नाही.

समजा संध्याकाळी पावणेसात वाजलेत, तुम्हाला शंका आली की फोन लॉक असणार. तुमच्या फोनवर फॅमिली लिंक उघडा, मुलाचं नाव निवडा, Screen time मध्ये जा आणि त्याच्या फोनला आजच्यापुरता बोनस वेळ द्या, अर्धा तास पुरतो. हा बोनस फक्त आजचा असतो, उद्याचं लिमिट जसंच्या तसं राहतं, त्यामुळे तो द्यायला घाबरू नका. घाईघाईत मूळ लिमिटच दोनाचे चार तास करायचे आणि नंतर परत कमी करायला विसरायचं, हे बहुतेक घरांत होतं आणि महिन्याभराने लिमिट नावाला उरतं.

पण बोनस पोचायला मुलाच्या फोनला इंटरनेट लागतं, आणि गाडी इथेच अडते. क्लासला जाताना डेटा बंद असतो, किंवा रोजचा डेटा संपलेला असतो, किंवा बेसमेंटमध्ये रेंज नसते. मग तुम्ही इकडे कितीही बटणं दाबा, तिकडे काहीच होत नाही, आणि तुमच्या स्क्रीनवर मात्र सगळं झाल्यासारखं दिसतं. अशा वेळी Parent access code वापरायचा. हा कोड तुमच्या फॅमिली लिंक ॲपमध्येच असतो आणि मुलाच्या लॉक स्क्रीनवर पालकाचा कोड टाकायचा पर्याय असतो, तिथे तो टाकला की इंटरनेट नसतानाही फोन उघडतो. मी आता असं करते, तिला कॉल लावते, ती उचलते, मी आकडे सांगते, ती स्पीकरवर ठेवून टाकते. कोड काही वेळाने बदलत राहतो, म्हणून एकदा सांगितला म्हणजे कायमची किल्ली दिली असं होत नाही. फक्त दोन्ही फोनची तारीख आणि वेळ ऑटोमॅटिक ठेवा, घड्याळ पुढेमागे असलं तर कोड चुकीचा म्हणून परत येतो.

हे एकदा घरात बसून करून बघा. पावसात फुटपाथवर उभं राहून पहिल्यांदा शिकण्यासारखी ही गोष्ट नाही.

कायमचा इलाज: फोनला कमी, ॲपला जास्त कुलूप

माझी मूळ चूक अशी होती की मी सगळ्या फोनला एकच लिमिट लावलं होतं. म्हणजे गणिताचं ॲप, रिक्षात लावलेला नकाशा, आजीला केलेला कॉल आणि रील्स, सगळ्याचा हिशोब एकाच दोन तासांत. मुलं आधी आवडीचं वापरून टाकतात, आणि गरजेची गोष्ट संध्याकाळी येते तेव्हा खातं रिकामं. म्हणून रचना उलटी करायची. ज्याचा त्रास आहे त्या ॲपना स्वतंत्र लिमिट, जे गरजेचं आहे ते कायम मोकळं, आणि एकूण लिमिट असलं तर थोडं सैल.

फॅमिली लिंकमध्ये मुलाचं नाव, मग Screen time, मग App limits. मुलाच्या फोनमधली सगळी ॲप तिथे दिसतात. प्रत्येकाला साधारण चार गोष्टी करता येतात, पूर्ण ब्लॉक करायचं, रोजची मिनिटं ठरवायची, वेगळं लिमिट न लावता सोडायचं, किंवा कायम परवानगी द्यायची. यातल्या शेवटच्या दोघांतला फरक नीट समजून घ्या, सगळा घोळ तिथेच आहे. वेगळं लिमिट नाही म्हणजे त्या ॲपला स्वतःची मर्यादा नाही, पण फोन लॉक झाला की तेही बंद, आणि त्यावर घालवलेला वेळ एकूण लिमिटमधून कापला जातो. कायम परवानगी म्हणजे फोन लॉक असला, डाउनटाइम असला, तरी ते ॲप उघडतं, आणि त्याचा वेळ एकूण हिशोबात धरला जात नाही. आमच्याकडे फोनचं ॲप पहिल्या प्रकारात होतं, दुसऱ्यात नव्हतं. तेवढ्यानेच ती अडकली.

कायम परवानगीत मी जे ठेवलं ते असं. फोन म्हणजे डायलर, कॉन्टॅक्ट्स, साधे मेसेज, नकाशा, आणि शाळेच्या बसचं ॲप. अभ्यासाच्या ॲपचं पुढे लिहिलंय, ती सोडून एवढंच. यादी लहान ठेवा, कारण त्यात जे जाईल ते रात्री दोन वाजताही उघडणार आहे. ब्राउझर यात टाकू नका, ब्राउझर कायम मोकळा म्हणजे यूट्यूबपासून गेमपर्यंत सगळंच मोकळं, मग बाकी लिमिट लावून उपयोग काय. व्हॉट्सॲपचा विचार जपून करा. बऱ्याच घरांत मुलं कॉलसुद्धा व्हॉट्सॲपवरूनच करतात, आणि बाबा दुबईला किंवा जहाजावर असतील तर तोच एक मार्ग असतो, ते मला समजतं. पण वर्गाचा ग्रुपही तिथेच असतो आणि रात्री अकराला तिथे शंभर मेसेज पडतात. मी मुलीच्या व्हॉट्सॲपला चाळीस मिनिटं दिलीत आणि कायम परवानगी दिलेली नाही, साधा कॉल मोकळा आहे ना मग तेवढं पुरतं. परदेशातल्या वडिलांचा रोजचा कॉल व्हॉट्सॲपवर येत असेल तर मी तरी डाउनटाइम त्या कॉलनंतर सुरू होईल असा ठेवीन. आणि व्हॉट्सॲपसाठी वयाची अट तेरा वर्षं आहे, त्याहून लहान मुलासाठी साधा कॉल हाच रस्ता धरा.

यूट्यूब आणि दोन गेम यांना प्रत्येकी वेगळी मिनिटं दिली, यूट्यूबला पंचेचाळीस आणि गेमना वीस वीस. आणि एकूण लिमिट दोनाचं तीन तास केलं. ऐकायला वेळ वाढवल्यासारखं वाटतं, पण करमणुकीचा वेळ उलट कमी झाला, कारण आधी दोन्ही तास तिथेच जात होते.

अजून एक बारकावा. रोजचं लिमिट हे प्रत्येक उपकरणाला वेगळं मोजलं जातं. फोन आणि टॅब दोन्हीवर दोन तास लावलेत तर मुलाला फोनवर दोन आणि टॅबवर दोन असे चार मिळतात. त्यामुळे "लिमिट चालतच नाही" असं वाटत असेल तर आधी घरात त्याच अकाउंटचा जुना टॅब कुठे पडलाय ते बघा.

होमवर्कचं ॲप चालू आहे तरी होमवर्क होत नाही

हा भाग मला कुठेच नीट लिहिलेला सापडला नाही आणि यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. आपण शाळेच्या ॲपला परवानगी देतो आणि समजतो की झालं. पण शाळेचं काम एका ॲपमध्ये होतच नाही, त्याची साखळी असते.

आमच्याकडचं उदाहरण घ्या. रात्री पावणेनऊ, एकूण लिमिट संपलेलं, शाळेचं ॲप कायम परवानगीत टाकलेलं. ती ॲप उघडते, होमवर्क दिसतो, त्यावर पीडीएफ आहे. पीडीएफवर टॅप केलं की ती उघडते ड्राइव्हच्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये, आणि ड्राइव्ह बंद. मग उत्तर वहीत लिहून फोटो काढून अपलोड करायचा तर कॅमेरा बंद. दुपारी काढून ठेवलेला फोटो निवडायचा तर तो फाइल्स किंवा फोटो या ॲपमधून येतो, तेही बंद. बाईंनी व्हिडिओची लिंक दिली असेल तर ती क्रोममध्ये नाहीतर यूट्यूबमध्ये जाते, तीही बंद. म्हणजे एका होमवर्कला चार पाच ॲप, आणि मोकळं फक्त एकच. मूल येऊन म्हणतं शाळेचं ॲप चालत नाही, आपण म्हणतो मी तर परवानगी दिलीय, आणि भांडण सुरू. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून एक संध्याकाळ मुलाच्या शेजारी बसा आणि त्याला एक होमवर्क पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला लावा, फोन लॉक नसताना. स्क्रीन बदलली की कुठलं ॲप उघडलं ते कागदावर लिहा. आमची यादी अशी निघाली, शाळेचं ॲप, ड्राइव्ह, कॅमेरा, फाइल्स, आणि आठवड्यातून एकदा ऑनलाइन तासासाठी मीट. ड्राइव्ह, कॅमेरा आणि फाइल्स ही तीन मी कायम परवानगीत टाकली, कारण यात वेळ घालवण्यासारखं फार नाही, कॅमेऱ्यावर थोडे सेल्फी होतील, होऊ देत. मीटला कायम परवानगी नाही, पण तास शनिवारी सकाळी असतो आणि शनिवारचं एकूण लिमिट मी वेगळं, जास्त ठेवलंय. वारानुसार वेगळे तास लावता येतात, ती सोय वापरा, सातही दिवस एकच आकडा कशाला.

क्रोमचा प्रश्न उरतो. फॅमिली लिंकमध्ये क्रोमसाठी तीन पर्याय असतात, सगळ्या साइट चालू, आक्षेपार्ह साइट अडवायचा प्रयत्न, किंवा फक्त तुम्ही मंजूर केलेल्या साइट. तिसरा निवडला असेल तर शाळेचं पोर्टल उघडलं तरी त्यातून पुढे जाणारी प्रत्येक लिंक अडते, कारण ती वेगळ्या साइटवर असते. लहान, म्हणजे दुसरी तिसरीतल्या मुलाला हा पर्याय ठीक आहे. आठवीतल्या मुलाला मधला पर्याय ठेवा आणि ज्या दोन चार साइटचा त्रास आहे त्या नावाने ब्लॉक करा, नाहीतर रोज परवानग्या देत बसाल.

शाळेने स्वतःचा ईमेल आयडी दिला असेल आणि गुगल क्लासरूम त्या आयडीने उघडत असेल तर तो आयडी मुलाच्या फोनमध्ये दुसरं अकाउंट म्हणून टाकता येतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट जोडताना पालकाचा पासवर्ड मागतो, म्हणून ते तुम्ही स्वतः बसून करा. मुलाच्या घरच्या आयडीने क्लासरूममध्ये जायचा प्रयत्न केला तर वर्ग दिसतच नाही आणि सगळे समजतात ॲप ब्लॉक आहे.

ॲप डाउनलोडच होत नाही तेव्हा

मुलाने प्ले स्टोअरवरून ॲप मागितलं की तुमच्याकडे विनंती येते. ती येत नसेल तर बहुतेक वेळा तुमच्याच फोनवर फॅमिली लिंकची नोटिफिकेशन बंद असतात, बॅटरी वाचवायला आपण ती बंद करतो आणि विसरतो. मूल शेजारीच असेल तर वाट बघायची गरज नाही, त्याच्याच फोनवर तुमचा पासवर्ड टाकून तिथल्या तिथे मंजुरी देता येते, फक्त पासवर्ड टाकताना त्याला दुसरीकडे बघायला सांगा. घरात दोघांपैकी एकालाच हे करता येतं असंही नाही, दुसऱ्यालाही फॅमिली ग्रुपमध्ये पालक म्हणून घ्या म्हणजे एक जण मीटिंगमध्ये असला तरी दुसरा मंजुरी देईल.

ॲप शोधूनही सापडत नसेल, आणि तुमच्या फोनवर मात्र दिसत असेल, तर वयाचं रेटिंग आडवं येतंय. फॅमिली लिंकमध्ये गुगल प्लेच्या सेटिंगमध्ये ॲप आणि गेमसाठी वयोगट ठरवलेला असतो. ७ वर्षांचा ठेवला असेल आणि ॲपला १२ चं रेटिंग असेल तर ते मुलाला दिसणारच नाही. फोन घेतला तेव्हा मूल सात वर्षांचं होतं आणि आता तेरा वर्षांचं झालं, पण सेटिंग तिथेच राहिलं, असं खूप घरांत असतं. त्यातही एका ॲपसाठी सगळं रेटिंग वर न्यायचं की नाही ते बघून ठरवा, कारण वर नेलं की बाकीचीही दिसायला लागतात.

आता क्लासवाल्यांबद्दल. बरेच क्लास आपलं ॲप प्ले स्टोअरवर न टाकता व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवतात आणि म्हणतात इन्स्टॉल करा. फॅमिली लिंक असलेल्या फोनवर बाहेरून ॲप टाकणं बंद असतं, आणि ते बंदच राहू द्या. सेटिंग चालू करायची सोय आहे, पण एपीकेमध्ये काय आहे ते आपल्याला कळत नाही आणि हल्ली लग्नपत्रिकेच्या, चलनाच्या नावाने एपीके पाठवून फोन ताब्यात घेतल्याचे प्रकार आपण सगळे पेपरात वाचतो. क्लासला विचारा की प्ले स्टोअरची लिंक आहे का, किंवा ब्राउझरमधून चालतं का. अगदीच नाइलाज असेल तर ते ॲप तुमच्या एखाद्या जुन्या फोनवर टाका ज्यावर बँक नाही, यूपीआय नाही, आणि मुलाला अभ्यासापुरता तो द्या.

आपण लावलेला कॉल तिकडे वाजतच नाही

वर लिहिलं की लॉक असतानाही कॉल उचलता येतो. पण उचलायला तो वाजायला हवा. मुलाचा फोन डू नॉट डिस्टर्बवर असेल, किंवा डिजिटल वेलबीइंगमधला बेडटाइम मोड चालू असेल, तर कॉल शांतपणे येतो आणि जातो, आणि आपण इकडे काळजीत. मुलाच्या फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब उघडा, त्यात कॉलसाठी अपवाद असतो, तिथे स्टार केलेल्या कॉन्टॅक्टना परवानगी द्या, आणि आई, बाबा, आजी, शाळा एवढे नंबर कॉन्टॅक्टमध्ये स्टार करा. तिथेच परत परत येणारे कॉल वाजू द्यायचं सेटिंग असतं, ते चालू केलं की पंधरा मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो. म्हणून घरात ठरवून टाका, महत्त्वाचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावायचा.

अजून एक राखीव सोय करून ठेवा. मुलाच्या फोनच्या सेटिंगमध्ये सेफ्टी आणि इमर्जन्सी असा भाग असतो, त्यात इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तुमचे नंबर टाका. बऱ्याच फोनमध्ये लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी बटणातून आत गेलं की हे नंबर दिसतात आणि तिथून थेट लागतात. तुमच्या फोनमध्ये हे कुठे येतं ते मुलाच्या हातानेच करून बघा.

सगळं लावून झालं की फोन मुद्दाम लॉक करा

ही स्टेप कोणी करत नाही. रविवारी सकाळी, घरी असताना, त्या दिवसाचा डाउनटाइम दहा मिनिटांनी सुरू होईल असा लावा. लॉक व्हायच्या आधी मुलाला थोडा वेळ उरल्याची सूचना येते, ती येते का तेही बघा. लॉक झाला की मुलाला चार गोष्टी करायला सांगा, तुम्हाला कॉल लावायचा, तुमचा कॉल उचलायचा, होमवर्क उघडून एक फोटो अपलोड करायचा, आणि नकाशा उघडून घरचा रस्ता लावायचा. मग त्याच्या फोनचं वायफाय आणि डेटा बंद करा आणि पालकाचा कोड टाकून उघडून बघा. आमच्या पहिल्या चाचणीत नकाशा उघडला पण फोटो अपलोड झाला नाही, फाइल्स राहून गेलं होतं. दुसऱ्या चाचणीत सगळं चाललं. शेवटी डाउनटाइम मूळ वेळेवर न्यायला विसरू नका.

फोन बदलला किंवा अँड्रॉइडचा मोठा अपडेट आला की ही चाचणी परत करा. नवीन फोनचा डायलर वेगळ्या कंपनीचा असू शकतो, म्हणजे यादीत तो वेगळं ॲप म्हणून येतो आणि कायम परवानगी जुन्यालाच राहते.

आयफोन असेल तर

आयफोनमध्ये Screen Time हे सेटिंग्जमध्येच असतं, वेगळं ॲप नको. तिथे कॉल अडकायचं नेहमीचं कारण वेळ नसून Communication Limits असतं. त्यात स्क्रीन टाइमच्या वेळी कोणाशी बोलता येईल आणि डाउनटाइममध्ये कोणाशी, असं दोन वेळा विचारलेलं असतं. Contacts Only निवडलं असेल तर कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह नसलेला नंबर लागतच नाही, म्हणजे मैत्रिणीच्या आईचा नंबर कागदावर आहे, हातात फोन आहे, आणि तरी कॉल होत नाही. अडवलेलं नाव लाल रंगात आणि वाळूच्या घड्याळाच्या चिन्हासकट दिसतं, त्यावरून ओळखा. डाउनटाइमसाठी निवडक कॉन्टॅक्ट ठेवले असतील तर त्यात आजीआजोबा, क्लास, शाळा, रिक्षावाले काका हे नक्की आहेत का ते बघा, आपण आई बाबा टाकून थांबतो. इमर्जन्सी नंबर मात्र कधीच अडत नाहीत, आणि मुलाने तसा कॉल केला की ही मर्यादा चोवीस तासांसाठी आपोआप उठते, म्हणजे घरच्यांशीही बोलता येतं.

पण हे सगळं साध्या कॉलला, फेसटाइमला आणि मेसेजेसला लागू आहे. व्हॉट्सॲप अडतं ते App Limits मुळे, कारण आपण एकेक ॲप न निवडता सोशल असा अख्खा गट निवडून एक तास लावतो आणि व्हॉट्सॲप त्याच गटात मोडतं. इन्स्टाग्राम बघून तास संपला की व्हॉट्सॲपही गेलं. गट काढून टाका आणि ॲप नावाने निवडून लिमिट लावा. जे कायम हवं ते Always Allowed मध्ये टाका. मुलाने जास्त वेळ मागितला तर तुमच्याकडे विनंती येते आणि पंधरा मिनिटं, एक तास किंवा पूर्ण दिवस असं देता येतं, पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आणि मुलगी दहा मिनिटं बसतो, ती सांगते या महिन्यात कुठे अडकली, मी तेवढंच बदलते. गेल्या वेळी तिने मराठी शब्दकोशाचं ॲप मोकळं करून मागितलं आणि गेमची दहा मिनिटं वाढवून मागितली. शब्दकोश दिला, गेम परीक्षेनंतर बघू म्हटलं. आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका कागदावर माझा, तिच्या बाबांचा आणि आजीचा नंबर पेनाने लिहून ठेवलाय, बॅटरी संपली तर यातलं कुठलंच सेटिंग उपयोगाचं नाही.